वीस नळ्या, त्यातल्या अकरा रिकाम्या: म्युटेशन औषधाच्या आधीच झालं होतं हे कशावरून?

शेषफळ

माझा विषय संख्याशास्त्र, जीवाणूंशी संबंध फक्त आजारपणापुरता. मैत्रीण मायक्रोबायोलॉजी शिकते. तिला प्रात्यक्षिकात 'फ्लक्च्युएशन टेस्ट' आहे आणि आकडेमोड माझ्या गळ्यात पडली आहे. पुस्तकात दिलेले लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांचे १९४३ चे आकडे असे:

१, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५

वीस वेगवेगळ्या नळ्यांत जीवाणू वाढवले, मग प्रत्येक नळीतले एकेका प्लेटवर पसरले, आणि जीवाणू मारणाऱ्या गोष्टीला, म्हणजे मारेकऱ्याला, पुरून उरलेल्या कॉलन्या मोजल्या. सरासरी ११.३५, व्हेरिअन्स ७५२. इथवर ठीक.

पुढे पुस्तक एका ओळीत सांगून मोकळं होतं की 'यावरून म्युटेशन आधीच झालेलं होतं हे सिद्ध होतं'. ते कसं? माझ्याकडे एवढा विखुरलेला डेटा आला तर मी आधी म्हणेन की प्रयोग गचाळ झालाय.

भुरभुर

सोपं आहे. व्हेरिअन्स जास्त म्हणजे म्युटेशन रँडम. औषधाने घडवून आणलं असतं तर सगळीकडे सारखा आकडा आला असता.

शेषफळ

पण औषधाने घडवलं तरी ते रँडम असू शकतं की! औषध लागल्यावर प्रत्येक पेशी नशिबाने वाचणार किंवा मरणार. तेही रँडमच झालं.

जुना_सूक्ष्मदर्शी

शेषफळ, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. भुरभुर अर्धे बरोबर आहेत. दोन्ही पर्यायांत नशीब आहेच, प्रश्न नशिबाचा फासा *कधी* पडतो एवढाच आहे.

पर्याय पहिला: फासा प्लेटवर पडतो. प्रत्येक नळीत शेवटी साधारण सारख्याच पेशी, प्रत्येकीला मारेकरी भेटल्यावर वाचण्याची अगदी छोटी पण सारखीच संधी. हे तुमच्या ओळखीचं आहे, पॉइसाँ. व्हेरिअन्स सरासरीइतका हवा. सरासरी ११.३५ असताना एखादी प्लेट रिकामी निघण्याची शक्यता लाखात एकाच्या आसपास. तुमच्या यादीत वीसपैकी अकरा रिकाम्या आहेत. १०७ कडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण या पर्यायाचा जीव खरं तर त्या शून्यांनी घेतलाय.

पर्याय दुसरा: फासा नळीत पडतो, वाढ चालू असताना. पेशी दुप्पट होत जातात. शेवटच्या विभाजनात म्युटेशन झालं तर प्लेटवर एक कॉलनी. त्याच्या दहा पिढ्या आधी झालं तर त्या एका पेशीचे १,०२४ वंशज. पण दहा पिढ्या आधी नळीत पेशीच १,०२४ पट कमी होत्या, म्हणून ते घडण्याची शक्यताही तितकीच कमी. म्हणजे बहुतेक नळ्यांत काहीच नाही किंवा एक-दोन, आणि क्वचित एखादीत घबाड. यादी वाचून पाहा, नेमकं तेच दिसतंय.

१०७ ची प्लेट एकाच पूर्वजापासून आली असेल तर तो पूर्वज प्लेटवर पसरण्याआधी निदान सहा-सात विभाजनं जगून गेलेला होता. त्या वेळी त्या नळीत मारेकऱ्याचा थेंबही नव्हता.

शेषफळ

शून्यांचं पटलं. पण माझी मूळ शंका तशीच आहे. प्लेट बनवताना, पसरताना, मोजतानाही गोंधळ होतो. तो विखुरलेपणा कुठे धरायचा?

जुना_सूक्ष्मदर्शी

त्यासाठी त्यांनी शेजारी तुलना ठेवली होती, पुस्तकं ती तळटीपेत ढकलतात. एका प्रयोगात एकाच कल्चरमधून दहा नमुने काढून दहा प्लेटवर पसरले. आकडे: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. सरासरी १६.७, व्हेरिअन्स १८. पसरणं, मोजणं, हात थरथरणं सगळं यात आलं, आणि ते पॉइसाँच्या फारसं पलीकडे जात नाही. म्हणजे प्लेटिंग गचाळ नव्हतं. विखुरलेपणा वेगवेगळ्या नळ्यांच्या वेगवेगळ्या इतिहासातून आला.

कल्पना सुचली तो किस्सा प्रसिद्ध आहे. लुरिया तेव्हा इंडियाना विद्यापीठात होता. प्राध्यापकांच्या नाचाच्या समारंभात एक सहकारी स्लॉट मशीनमध्ये नाणी टाकत होता. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम खळखळ. लुरियाला त्यातून वाटणीचं स्वरूप दिसलं. व्हँडरबिल्टला असलेल्या डेलब्रुकने गणित बसवून पाठवलं.

कोपऱ्यातला_बाक

विषय चांगला निघाला म्हणून विचारते. मला मागच्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी परत झालं आणि तीच गोळी लागूच पडली नाही. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही कोर्स सोडलात म्हणून जंतू शिकले.' म्हणजे जंतू औषध बघून शिकतातच ना?

जुना_सूक्ष्मदर्शी

'शिकले' हा शब्द बोलण्यापुरता ठीक, पण घडतं ते वेगळं. तुमच्या शरीरात कोट्यवधी जीवाणू होते, त्यांत मूठभर आधीच तगणारे असतील तर गोळीने बाकीचे साफ केले आणि यांना रान मोकळं मिळालं. निवड औषधाने केली, घडवलं नाही. आणि दोन महिन्यांनी आलेला जीवाणू आधीचाच होता की बाहेरून नवा आला, हे तेव्हाचं कल्चर आणि आत्ताचं कल्चर शेजारी ठेवल्याशिवाय मी तरी सांगणार नाही.

अगारवेड

शिवाय ताई, आजारी माणसांतला बराचसा रेझिस्टन्स अशा एकट्या म्युटेशनमुळे नसतो. तयार जीन प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. ही टेस्ट त्याबद्दल काहीच सांगत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत, इथे एकत्र कालवू नका.

कोपऱ्यातला_बाक

कालवत नाहीये हो, विचारतेय.

तिरकस

मला एक खटकतंय. धाग्यावर औषध-औषध चाललंय, पण लुरियाने औषध वापरलंच नव्हतं ना? तो 'मारेकरी' म्हणजे फाज, जीवाणूंना मारणारा विषाणू होता.

जुना_सूक्ष्मदर्शी

हो. ई. कोलाय बी आणि आज ज्याला टी१ म्हणतात तो फाज. मीही 'मारेकरी' म्हणून सोयीस्कर पळवाट काढली, पकडलंत. प्रतिजैविकासाठी तीच पद्धत डेमेरेकने १९४५ मध्ये स्टॅफिलोकॉकस आणि पेनिसिलिनवर वापरली, आणि निष्कर्ष तोच निघाला. फरक एकच, पेनिसिलिनचा रेझिस्टन्स पायरीपायरीने चढतो. स्ट्रेप्टोमायसिनमध्ये एकाच झटक्यात भरपूर रेझिस्टन्स मिळू शकतो, म्हणून पुढच्या प्रयोगांना ते सोयीचं पडलं.

शेषफळ

आता खरी अडचण. मैत्रिणीचे आकडे आज आले. ई. कोलाय, रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेट, दहा नळ्या:

९, १४, ६, १३, ११, ५, १६, १०, ८, १३

सरासरी १०.५, व्हेरिअन्स १३ च्या आत. एकही शून्य नाही, घबाड नाही, शुद्ध पॉइसाँ. ती वैतागली आहे, कारण याचा सरळ अर्थ 'औषधाने घडवलं' असा होतो. प्रात्यक्षिक घेणारे म्हणाले, 'आकडे बदलून लिही.' ते ती करणार नाही.

भुरभुर

अरे वा! म्हणजे रिफाम्पिसिनमध्ये लुरिया चुकला की काय?

जुना_सूक्ष्मदर्शी

आकडे अजिबात बदलू नका, हे फार बोलके आहेत. मला फक्त दोन गोष्टी सांगा. नळ्या किती मिलिलीटरच्या होत्या, आणि प्रत्येकीत सुरुवातीला काय आणि किती घातलं?

शेषफळ

विचारलं. ५ मिली ब्रॉथ. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून प्रत्येक नळीत ०.१ मिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीतले ०.१ मिली प्लेटवर.

जुना_सूक्ष्मदर्शी

सापडलं. रात्रभराच्या कल्चरमध्ये मिलिलीटरला साधारण १०० कोटी पेशी. ०.१ मिली म्हणजे प्रत्येक नळीची सुरुवातच १० कोटींनी झाली. समजा त्या मूळ कल्चरमध्ये कोटीत एक पेशी आधीच रेझिस्टंट होती. मग प्रत्येक नळीत पहिल्याच मिनिटाला दहाएक रेझिस्टंट पेशी जाऊन बसल्या. नळी पुढे पन्नास पट वाढली, तेही पन्नास पट वाढून पाचशेएक झाले. ५ मिलीतले ०.१ मिली पसरले, म्हणजे पन्नासावा भाग. प्लेटवर परत दहा. तुमची सरासरी १०.५ आहे.

दहाही नळ्यांचा इतिहास एकच होता, तो एका फ्लास्कमध्ये आदल्या रात्रीच घडून गेला होता. तिने नकळत दहा नमुन्यांची ती तुलना करून ठेवली, दहा नळ्यांची टेस्ट नाही.

परत करायची तर सुरुवात काहीशे पेशींनी करायला सांगा. मूळ कल्चर इतकं डायल्यूट करायचं की त्या काहीशे पेशींत एखादा रेझिस्टंट असण्याची शक्यता उरत नाही. नळ्या छोट्या ठेवा, ०.२ मिली पुरे. आणि प्रत्येक नळी *पूर्ण* पसरा.

शेषफळ

पूर्ण का?

जुना_सूक्ष्मदर्शी

कारण तुम्ही शून्यांवरून दर काढणार आहात. लुरियाची यादी घ्या: रिकाम्यांचं प्रमाण ११/२०, म्हणजे ०.५५. त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह उलटं केलं की ०.६. नळीमागे सरासरी ०.६ म्युटेशन, वीस नळ्यांत मिळून बाराएक घटना. आणि त्या बारा घटनांतून २२७ कॉलन्या! सरासरी ११.३५ हा घटनांचा आकडा नव्हे, वंशजांचा. नळीचा थोडाच भाग पसरलात तर रेझिस्टंट पेशी उरलेल्या भागात राहून जाते आणि शून्य खोटं ठरतं. म्हणून ०.६ हा मी किमान आकडा मानतो.

आणखी एक, सरासरीवरून दर काढायच्या मोहात पडू नका. एक घबाड आलं की सरासरी उडते, नाही आलं की पडते.

शेषफळ

हे आवडलं. जेवढ्या जास्त नळ्या, तेवढं मोठं घबाड सापडण्याची शक्यता, म्हणजे सरासरी नळ्यांच्या संख्येवर अवलंबून. असल्या वाटणीशी झटापट करायला मला आवडेल.

तिरकस

हे सगळं मान्य. पण शेवटी हा आकड्यांवरून काढलेला अंदाजच ना? मारेकरी भेटण्याआधीची रेझिस्टंट पेशी कुणी *पाहिली*? दाखवा की ती.

अगारवेड

हाच आक्षेप तेव्हाही होता. हिन्शेलवुडसारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ जीवाणू औषधाशी जुळवून घेतात हेच म्हणत राहिले. उत्तर १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी दिलं, तेही कापडाच्या तुकड्याने.

मी हे हाताने केलंय म्हणून लिहिते. प्लेटच्या मापाचा लाकडी ठोकळा, त्यावर वेल्वेटीनचा निर्जंतुक चौकोन, लव वर, कडेने रिंग लावून ताणून बसवलेला. मास्टर प्लेट उलटी करून त्यावर अलगद टेकवायची. दाबायची नाही, बोटांचं वजन पुरे. कापडाची लव म्हणजे हजारो बारीक सुया, प्रत्येक सुईला त्या जागेवरच्या पेशी चिकटतात. मग त्याच कापडावर एकेक कोरी प्लेट टेकवत जायची, प्रत्येक वेळी कडेची खूण कापडावरच्या खुणेशी जुळवून. पहिली छाप साध्या अगारवर, नंतर औषधाच्या, आणि सगळ्यांत शेवटी परत साध्यावर. ती शेवटची उगवली तरच म्हणता येतं की कापडावर पेशी संपल्या नव्हत्या. औषधाची प्लेट आधी टेकवली तर औषध कापडाला लागून पुढे जातं.

आता मुद्दा. मास्टर प्लेटवर औषध नाही, सगळ्या पेशींचा दाट गालिचा. त्याच्या तीन छापा औषधाच्या प्लेटवर. रेझिस्टन्स औषध लागल्यावर निर्माण होत असेल तर तिन्ही छापांवर कॉलन्या भलत्याच जागी उगवायला हव्यात. पण त्या *त्याच* जागी उगवतात. तीन प्लेट एकावर एक धरून उजेडात पाहिल्या की ठिपके जुळतात. म्हणजे मास्टरवर त्या जागी आधीच रेझिस्टंट पेशींचा पुंजका होता.

तिरकस

जुळले, मान्य. पण मास्टरवर त्या जागी जे आहे ते तुम्ही उचललंत का? तिथे तर बहुतेक साधेच असणार.

अगारवेड

उचलतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. पण मास्टर ओली असली की सगळं वाया जातं. माझ्या पहिल्या वेळी झाकणाखाली पाण्याचे थेंब होते, छाप फासली गेली आणि ठिपक्यांच्या जागी धूमकेतू आले. तेव्हापासून प्लेट दोन दिवस आधी ओतून ठेवते.

जुना_सूक्ष्मदर्शी

उचलण्याचं गणित मी करतो. आकडे कल्पित आहेत, पण मापं खरी प्लेटची. ९ सेंमी व्यासाच्या प्लेटवर १०० कोटी पेशी, त्यांत दहा रेझिस्टंट. म्हणजे दहा कोटींत एक. काही तास वाढू द्या, छाप घ्या, जुळलेल्या ठिपक्याची जागा मास्टरवर शोधा आणि तिथला ३ मिमीचा गोल खरवडा. तो गोल म्हणजे प्लेटचा साधारण नऊशेवा भाग. त्यात मूळच्या ११ लाख पेशींचा वंश, आणि एका रेझिस्टंटचा. दहा कोटींत एक होतं, ते ११ लाखांत एक झालं.

हे वाढवा, नव्या मास्टरवर १ कोटी पेशी पसरा. नऊ रेझिस्टंट. परत छाप, परत खरवड: ११ हजारांत एक. पुढच्या मास्टरवर १ लाख पसरा: परत नऊएक. खरवड: शंभर-सव्वाशेत एक. आता चारपाचशे पेशी सुट्या कॉलन्या येतील अशा पसरा. छापेवर चार-पाच ठिपके येतील आणि मास्टरवर त्या जागी एकेक *स्वतंत्र* कॉलनी असेल. उचला. शुद्ध रेझिस्टंट कल्चर.

तिरकस, तुम्हाला 'पाहायची' होती ती पेशी ही. तिने किंवा तिच्या एकाही पूर्वजाने औषध कधी पाहिलेलं नाही. औषध पाहिलं ते तिच्या भावंडांनी, छापेच्या प्लेटवर. लेडरबर्गांनी हे फाज आणि स्ट्रेप्टोमायसिन, दोन्हींसाठी करून दाखवलं.

तिरकस

आता पटलं. भावंडांना फासावर देऊन हिला निवडली.

भुरभुर

म्हणजे औषधामुळे म्युटेशन होतच नाही, हे फायनल?

अगारवेड

नाही! तसं कुठे म्हटलं? काही औषधं डीएनएला इजा करतात, मग जीवाणूची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, तिच्यातली घाईची दुरुस्ती चुका वाढवते. कमी डोसात म्युटेशनचा *दर* वाढू शकतो. पण दर वाढणं वेगळं आणि हवं तेच म्युटेशन हवं तेव्हा होणं वेगळं.

जुना_सूक्ष्मदर्शी

आणि टेस्टचीही हद्द आहे. फाज किंवा जबर औषध पेशीला लगेच मारतं, म्हणून नंतर म्युटेशन करायला कुणी जिवंतच राहत नाही. अशा प्रयोगात 'नंतर' हा पर्याय दिसला नाही यात नवल थोडंच. १९८८ मध्ये केर्न्स आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम न मारणारी निवड घेतली: लॅक्टोज न पचवणारे जीवाणू फक्त लॅक्टोजवर उपाशी ठेवले. दिवसेंदिवस नव्या कॉलन्या येत राहिल्या. त्याचा अर्थ काय यावर बरीच वर्षं हमरीतुमरी झाली. माझ्या मते दिशा असलेलं म्युटेशन तिथेही नव्हतं, पण उपासमारीत दर किती आणि कसा वाढतो यावर मी पैज लावणार नाही.

अगारवेड

मी लावेन, पण वेगळ्या धाग्यावर.

कोपऱ्यातला_बाक

मला एवढं कळलं की माझ्या जंतूंपैकी कुणीच शिकलेला नव्हता.

शेषफळ

अपडेट. मैत्रिणीने परत लावलं. नळीमागे अंदाजे ३०० पेशींनी सुरुवात, ०.२ मिली, बारा नळ्या, प्रत्येक पूर्ण पसरली. शिवाय दोन नळ्या जास्तीच्या ठेवल्या, शेवटची एकूण पेशींची मोजणी करायला. आज सकाळी पहिल्या सहा प्लेट मोजल्या: ०, २, ०, ०, ४१, १. उरलेल्या सहांवर अगदी बारीक ठिपके आहेत. ते मोजायचे की नाहीत?

जुना_सूक्ष्मदर्शी

आज मोजा, पेनने खुणा करा, आणि उद्या परत मोजा. दोन्ही आकडे वेगळे लिहा. उशिरा उगवलेल्यांत औषधाच्या प्लेटवरच रेंगाळत जन्मलेले असू शकतात, ते या हिशेबात घ्यायचे नाहीत. पहिल्या सहा प्लेटही उद्या परत बघा.

शेषफळ

४१ वाल्या प्लेटचा तिने फोटो काढून ठेवलाय. म्हणते, फ्रेम करणार.